धर्मामुळे माणूस व्यापारी होतो का? इतवारीच्या फेरीनंतर वारंवार येणारे प्रश्न

माझे वडील नागपूरच्या इतवारीत एका धान्याच्या अडतीत मुनीम होते. त्यामुळे लाल कापडाच्या बांधणीतल्या वह्या मी लहानपणापासून पाहत आलो. आता मी अधूनमधून लोकांना जुन्या पेठेतून फिरवतो. कोणती घराणी कुठून आली, काय विकत होती, कुणाकडून पैसा उचलत होती, हे सांगतो. फेरी संपली की तेच ते प्रश्न येतात, आणि बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका असते: यांचा धर्म यांना पैसा राखायला शिकवतो का? उत्तरं एकदाची नीट लिहून काढली आहेत.

१. हा वाद नेमका काय आहे? मॅक्स वेबरचं नाव सगळे घेतात, पण तो म्हणाला तरी काय?

वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ. १९०४-०५ मध्ये त्याने प्रोटेस्टंट पंथाची शिकवण आणि भांडवलशाहीची वृत्ती यांच्या संबंधावर लिहिलं. पैशाची हाव हा त्याचा विषय नव्हता. हाव सगळ्या काळात आणि सगळ्या देशांत असते. त्याला कोडं पडलं होतं ते निराळंच: भरपूर मिळवायचं, पण उडवायचं नाही, ते पुन्हा धंद्यात घालायचं आणि हे सारं कर्तव्य म्हणून करायचं, अशी माणसं कुठून आली?

त्याचं उत्तर असं. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या शिकवणीत उद्धार कुणाचा होणार हे देवाने आधीच ठरवलेलं असतं आणि ते कुणालाच कळत नाही. त्या धास्तीत जगणारा माणूस आपल्यावर कृपा असल्याच्या खुणा शोधू लागतो. मन लावून केलेलं काम आणि त्यातलं यश ही त्याला तशी खूण वाटते. चैन तर निषिद्धच, म्हणून पैसा साठतो आणि परत धंद्यात जातो. धर्मातून भांडवलशाही जन्मली, इतकं सरळसोट विधान वेबरने केलेलं नाही. दोन्हींचा मेळ बसला आणि एकाने दुसऱ्याला बळ दिलं, असं त्याचं म्हणणं. विरोधक म्हणतात की हे काम धर्माच्या शिकवणीने केलंच नाही. ते केलं कायद्याने, शिक्षणाने, किंवा जातभाईंनी एकमेकांना दिलेल्या उधारीने.

२. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांबद्दल वेबरने काही लिहिलं आहे का?

लिहिलं आहे, १९१६-१७ च्या सुमारास. तो भारतात कधी आला नाही. गॅझेटियर, खानेसुमारीचे अहवाल आणि ग्रंथांची भाषांतरं यांवर त्याची भिस्त होती. कर्मविपाक आणि जातिव्यवस्था यांमुळे आधुनिक उद्योगाची वृत्ती इथे आतून उगवली नाही, असा त्याचा निष्कर्ष. पण जैनांपाशी तो थबकला. सचोटी, काटकसर, व्रतस्थ जीवन आणि हिशेबीपणा पाहून त्याला युरोपातले कडक प्रोटेस्टंट, म्हणजे प्युरिटन, आठवले. तरीही जैन व्यापार आणि सावकारीतच राहिले, कारखानदारीकडे वळले नाहीत, आणि याचं कारण त्यांचे धार्मिक निर्बंध, असं त्याने मानलं.

धर्म उद्योगाच्या आड आला, हे म्हणणं नागपुरात तपासून पाहता येतं, म्हणूनच मी लोकांना तिथे नेतो (प्रश्न ४ आणि ५).

३. "मारवाडी" म्हणजे कोणता धर्म?

कोणताच नाही. माहेश्वरी प्रामुख्याने वैष्णव आहेत, ओसवाल बहुतांशी जैन, आणि अग्रवालांमध्ये दोन्ही सापडतात. धर्म निरनिराळे असूनही वही तीच, मुनीम-गुमास्त्यांची पद्धत तीच, परमुलखात आपल्या माणसाला आसरा देण्याची रीतही तीच. एवढ्यावरूनच सावध व्हावं. दोन धर्मांची माणसं सारखंच वागत असतील, तर कारण धर्माबाहेर शोधायला हवं.

४. एम्प्रेस मिलला कर्ज नाकारणाऱ्या सावकाराची गोष्ट खरी आहे का?

जमशेटजी टाटांच्या चरित्रात ती येते. गोष्टीची पार्श्वभूमी आधी पाहू.

टाटांनी सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १८७४ साली काढली, भांडवल १५ लाख रुपये. गिरणी मुंबईत न काढता नागपुरात काढायचं ठरवलं, कारण कापूस इथे पिकत होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि १८६७ पासून मुंबईची रेल्वे इथे पोचली होती. जागा मिळाली ती जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची दलदल. आधी तिच्यात भराव टाकावा लागला. गाडीगाडीने माती पडताना गाव पाहत होतं. टाटांनी इथल्या एका मारवाडी सावकाराकडे पैसा मागितला. जमिनीत सोनं पुरणाऱ्या माणसाला आपण पैसा देणार नाही, असं म्हणून त्याने नकार दिला. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून नाव पडलं एम्प्रेस. पुढे त्याच सावकाराने कबूल केलं की टाटांनी मातीत सोनं घातलं नव्हतं, माती घालून सोनं काढलं होतं.

ही गोष्ट आजवर एकाच तऱ्हेने सांगितली गेली: पारशी दूरदृष्टीचा, मारवाडी सनातनी. त्या सावकारावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणून पुढचा प्रश्न सवडीने घेतो.

५. मग त्याचा नकार धर्मामुळे नव्हता, हे कशावरून?

त्याच्या गादीवर बसून हिशेब करू. समजायला सोपे आकडे घेतो. त्याच्याकडे एक लाख रुपये आहेत. कापसाच्या हंगामात तो ते अडत्यांना महिना शेकडा एक रुपया व्याजाने देतो. माल गोदामात तारण पडलेला आहे, घेणारा रोज डोळ्यांसमोर आहे. सहा महिन्यांत सहा हजार व्याज येतं, मुद्दल मोकळं होतं आणि दुसऱ्या हंगामाला लागतं. वर्षाचे बारा हजार झाले.

आता तेच लाख रुपये गिरणीत घाला. कंपनी निघाली १८७४ मध्ये, पहिलं सूत निघालं १८७७ मध्ये. मधल्या काळात परतावा नाही. नुसतं सरळ व्याज धरलं तरी तीन वर्षांचे छत्तीस हजार हातचे गेले. शिवाय धंदा बुडाला तर दलदलीतला भराव आणि बिलायती यंत्रं नागपुरात घेणार कोण? कापसाची गाठ संध्याकाळपर्यंत विकता येते, कातणयंत्र विकता येत नाही. व्यवस्थापक म्हणून आणलेले बेझनजी मेहता रेल्वेतले होते, त्यांना कापडधंद्याचा अनुभव नव्हता. जवळपास नफ्यात चालणारी एकही गिरणी सावकाराने पाहिलेली नव्हती. कोणत्याही धर्माच्या शहाण्या माणसाने त्या दिवशी हात आखडता घेतला असता.

खरी कसोटी पुढची आहे. बिकानेरहून आलेली आणि कामठीत पेढी असलेली बन्सीलाल अबीरचंद ही डागा घराण्याची पेढी माहेश्वरी, म्हणजे पक्की वैष्णव. या घराण्याने १८८० च्या दशकात हिंगणघाटला गिरणी काढली, नागपुरातली मॉडेल मिलही पुढे त्यांचीच. ज्यांच्या नावाचं कस्तुरचंद पार्क आपण रोज ओलांडतो, ते सर कस्तुरचंद याच घराण्यातले. एम्प्रेस मिल सुरू झाल्यापासून हिंगणघाटच्या गिरणीपर्यंत फार तर दहा-बारा वर्षं गेली. तेवढ्यात ना वैष्णव धर्म बदलला, ना कर्मसिद्धान्त. बदललं ते इतकंच की गिरणीने नफा करून दाखवला होता. वेबरने ज्याला धार्मिक अडसर म्हटलं तो इथे तरी माहितीचा आणि जोखमीचा अडसर होता. धर्म तोच राहून वर्तन बदललं, तर धर्म हे कारण उरत नाही.

६. पण टाटांनी तर धाडस केलं ना? ते पारशी संस्कारामुळे नाही?

"सुविचार, सुवचन, सुकर्म" ही झरथुष्ट्री शिकवण उद्योगाला पोषक आहे, हे खरं. १९६० च्या दशकात काही अभ्यासकांनी पारशांना भारतातले प्रोटेस्टंट ठरवण्याचा प्रयत्नही केला. अडचण काळाची आहे. पारशी गुजरातेत आले त्याला हजारावर वर्षं झाली. त्यातली कित्येक शतकं ते शेती, विणकाम, सुतारकाम आणि ताडीचा धंदा करत होते. मोठा व्यापार दिसतो तो युरोपीय वखारी आल्यावर आणि मुंबई वाढल्यावर. लवजी वाडिया जहाजबांधणीसाठी मुंबईला आले ते १७३६ मध्ये. शिकवण हजार वर्षांची आणि परिणाम मात्र अडीचशे-तीनशे वर्षांचा, हे जुळत नाही.

टाटांचे वडील नसरवानजी नवसारीच्या पुरोहित घराण्यातले, म्हणजे पौरोहित्य सोडून व्यापारात आलेले. घराण्याचा पैसा चीनचा व्यापार, कापूस आणि १८६८ च्या ॲबिसिनिया मोहिमेतल्या रसदपुरवठ्यातून आला. नागपुरी सावकाराकडे नव्हती ती गोष्ट म्हणजे मुंबईचं भांडवल आणि लँकेशायरच्या गिरण्या स्वतः पाहून आलेले डोळे.

७. जैनांना अहिंसेमुळे शेती वर्ज्य, म्हणून ते व्यापारी झाले. हे तर शाळेत शिकलोय.

अर्धंच खरं आहे. जैन श्रावकासाठी पंधरा "कर्मादान" सांगितले आहेत, म्हणजे हिंसा फार घडते म्हणून टाळायचे धंदे. कोळसा पाडणं, जंगलतोड, जमीन फोडणं, हस्तिदंत, लाख आणि विष यांचा व्यापार, तळी आटवणं हे त्यात येतं. यंत्रपीडन, म्हणजे घाण्यात घालून पिळण्याचा धंदाही येतो. यादी वाचली की वाटतं, उरलं काय, कापड, सराफी आणि सावकारी.

पण कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे जा. तिथले हजारो दिगंबर जैन पिढ्यान्पिढ्या नांगर धरतात. कर्मवीर भाऊराव पाटील अशाच शेतकरी जैन घरातले. महावीर तेच, अहिंसा तीच, हातात मात्र तराजूऐवजी कासरा. शिकवणीने धंदा ठरत असता तर हे घडलं नसतं.

उलट दिशेनेही पाहा. अहमदाबादची पहिली कापडगिरणी १८६१ मध्ये सुरू केली रणछोडलाल छोटालाल यांनी. ते नागर ब्राह्मण, कुळपरंपरेने दुकानदार नव्हेत. जैन आणि वैष्णव शेठ मागाहून आले आणि मग जैनांनीच तिथे मोठ्या गिरण्या उभारल्या. नागपूरसारखाच क्रम: आधी कुणीतरी करून दाखवतो, पेढ्या मागून येतात.

अहिंसेचा परिणाम शून्य नाही. कत्तलखाना किंवा मासळीच्या धंद्यात जैन सहसा नसतो, हे आजही दिसतं. शिकवण काही दारं बंद करते. उघड्या दारांपैकी माणूस कोणत्या दारात शिरेल, ते ती ठरवत नाही.

८. मग देवपूजा, धर्मादा, उपास, साधी राहणी, याचा धंद्याशी काहीच संबंध नाही?

आहे, आणि फार मोठा आहे. मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच. फक्त तो संबंध व्यापाऱ्याच्या मनात शोधू नका, शेजारच्या पेढीवर शोधा.

हुंडी घ्या, म्हणजे परगावच्या पेढीने पैसे द्यावेत अशी चिठ्ठी. इतवारीतल्या पेढीने इंदूरच्या पेढीवर हुंडी लिहिली. रक्कम कुणी खोडू नये म्हणून ती फिरवून लिहीत: रुपये हजार, त्याचे निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे देणे. हुंडी "शाहजोग" असेल तर पैसे कुणालाही द्यायचे नाहीत, बाजारात "शाह" म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतिष्ठितालाच द्यायचे. हरवली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे "पेठ", निघे, तीही हरवली तर "परपेठ". या साऱ्या व्यवहारात दूरच्या पेढीने पैसे मोजायचे ते कशाच्या भरवशावर? लिहिणाऱ्याच्या साखेच्या. कोर्टकचेरी दूर, ताळेबंद कुणी छापत नव्हतं. मग साख मोजायची कशी?

ती मोजली जायची दिसणाऱ्या वागण्यावरून. शेठ पहाटे देवळात येतो का, लग्नात वारेमाप उधळतो का, मुलगा दारूला लागलाय का, साधूंना आहार घडतो का. इतिहासकार सी. ए. बेली यांनी उत्तर भारतातल्या व्यापाऱ्यांबद्दल हेच दाखवलं आहे: धार्मिक आचरण हा त्यांच्या साखेचा भाग होता. घरात उधळपट्टी सुरू झाल्याची कुजबुज पेठेत पसरली की लोक त्या पेढीच्या हुंड्या लगबगीने वटवायला आणत आणि भक्कम पेढीही त्या ताणाने बसू शके. म्हणजे संयम ही श्रद्धा होतीच, पण तो न पाळण्याची किंमत रोख मोजावी लागत होती.

वडिलांच्या वहीत दिवाळीच्या पूजनाला पहिल्या पानावर एकाखाली एक "श्री" लिहून शिखर केलेलं असे. शेजारच्या गुजराती जैन पेढीच्या वहीत गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी मागितलेली असे. पुढे रोजमेळ, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आणि त्यात एक खातं धर्मादाय. प्रत्येक सौद्यामागे ठरलेले पैसे त्यात जमा व्हायचे. ते शेठचे नव्हेत, कितीही अडचण आली तरी त्यांना हात लावायचा नाही. हा केवळ बाजारातला समज नाही. १९७९ मध्ये बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं की अशी रक्कम व्यापाऱ्याचं उत्पन्न धरता येत नाही. त्या खात्याला हात न लावणारा माणूस तुमच्या ठेवीलाही लावणार नाही, असं पेठ धरून चालायची.

९. मराठी माणसाला धंदा जमत नाही तो संस्कारांमुळेच ना? "अंथरूण पाहून पाय पसरावे" हेच शिकलो आपण.

हा प्रश्न मला दुखावतो, म्हणून घरचंच सांगतो. वडील तीस वर्षं दुसऱ्याची वही लिहीत होते. कोणत्या गावची तूर कधी येते, कोण पैसे बुडवतो, सगळं तोंडपाठ. एकदा त्यांनी स्वतःचं छोटं दुकान काढायचं ठरवलं. माल उधारीवर उचलायला ज्या अडतीकडे गेले, तिथल्या शेठने आदराने चहा पाजला आणि विचारलं, "हमी कोण देणार?" शेठच्या पुतण्याला त्याच आठवड्यात तोच माल नुसत्या शब्दावर मिळाला. पुतण्या बुडाला तर घराणं भरणार होतं. वडील बुडाले असते तर भरणारं कुणी नव्हतं. ते पुन्हा मुनीम झाले. त्यांच्याइतका काटकसरी आणि सचोटीचा माणूस मी पाहिलेला नाही.

गुण होते, साखेची साखळी नव्हती. थॉमस टिंबर्ग यांनी मारवाड्यांवरच्या अभ्यासात हीच साखळी दाखवली आहे: परगावी उतरायला बासा, पहिली नोकरी जातभाईच्या पेढीवर, पहिलं कर्जही तिथूनच. जरीपटक्यातले सिंधीही पाहा. फाळणीनंतर घरदार गेलेल्या माणसांना आपसांतल्या उधारीने उभं केलं. त्याच सिंधी समाजात आमिल मात्र परंपरेने नोकरीपेशाचे आणि भाईबंद व्यापारी. श्रद्धा सारखीच, धंदे वेगळे.

१०. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध. मग मेमन, खोजा, बोहरा इतके मोठे व्यापारी कसे?

इथे शिकवणीपेक्षा कायदा जास्त बोलतो. शरियतप्रमाणे वारसा अनेक वारसांत वाटला जातो. तिमूर कुरान या अर्थतज्ज्ञांचं म्हणणं असं की त्यामुळे भांडवल पिढीगणिक तुकड्यांत जातं आणि पेढी टिकत नाही. हिंदू एकत्र कुटुंबात ते एकत्र राहतं. पण खोजा आणि कच्छी मेमन यांनी वारशाबाबत जुनी हिंदू रूढीच ठेवली होती आणि १८४७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने ती मान्य केली. ती रूढी कायद्याने संपली १९३७ आणि १९३८ मध्ये. म्हणजे वाढीच्या ऐन काळात श्रद्धा इस्लामची आणि भांडवल राखण्याची पद्धत एकत्र कुटुंबाची. बोहऱ्यांत बिनव्याजी "कर्जे हसना" चालतं, आणि त्यामागेही आपसांतली ओळख आणि जमातीचा धाकच असतो (प्रश्न ८).

११. कुणी आकडे घेऊन तपासलंय का?

युरोपबाबत तपासलंय. बेकर आणि व्होसमन या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये १९ व्या शतकातल्या प्रशिया या जर्मन राज्याचे जिल्हे तपासले. प्रोटेस्टंट भाग अधिक सुखवस्तू निघाले, पण शिक्षणातला फरक वजा केल्यावर धर्माचा फरक जवळजवळ उरला नाही. बायबल स्वतः वाचा असं लूथर सांगत होता, म्हणून शाळा निघाल्या आणि शाळांतून मिळकत आली. दाविदे कान्तोनी यांनी २०१५ मध्ये जर्मन शहरांची कित्येक शतकांची वाढ पाहिली, त्यांना प्रोटेस्टंट असण्याचा परिणाम आढळला नाही. आपल्याकडे २००१ च्या जनगणनेत जैनांची साक्षरता ९४ टक्के होती, प्रमुख धर्मांत सर्वाधिक. पण व्यापारामुळे अक्षर आलं की अक्षरामुळे व्यापार, हे त्या आकड्यावरून सुटत नाही.

१२. असं एक तरी उदाहरण सांगा जिथे धार्मिक नियमाने कमाई थेट ठरवली.

गिरणीतलंच सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या कल्पनेमुळे अस्पृश्य कामगारांना विणखात्यात घेत नसत, आणि चांगला पगार त्याच खात्यात होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढे आणला. इथे ना माहितीची अडचण होती, ना भांडवलाची. माणूस तोच, हात तेच, फक्त त्याने धागा ओठाला लावायचा नाही.

१३. आमच्या घरी जुन्या वह्या आहेत. त्यांत काय शोधू?

फेकू नका, ही हात जोडून विनंती. मोडी किंवा महाजनी अक्षर वाचणारा माणूस गाठा. आधी उधारीची नावं पाहा: तुमच्या पणजोबांनी जातीबाहेर किती जणांना विनातारण माल दिला आणि जातीत किती जणांना. मग वाईट साल काढा, दुष्काळाचं किंवा मंदीचं, आणि त्या वर्षाचं धर्मादाय खातं उघडा. त्यातून दुकानात पैसा वळवलाय का, वळवला असेल तर परत भरलाय का आणि किती दिवसांनी, हे तारखांवरून कळतं. वडिलांनी जपून ठेवलेल्या एका वहीत अशीच चाळीस रुपयांची नोंद आहे. अकराव्या दिवशी ते परत जमा केलेत आणि शेजारी बारीक अक्षरात एक रुपया व्याज लावलंय.